छातीतल्या धडधडीची भीती: मुलाला पॅनिक अटॅक येत असतील तर घरी सराव कसा करायचा

कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. त्यामुळे माझ्यासमोर बसलेली सोळा वर्षांची मुलगी जेव्हा म्हणाली, "मॅडम, मी मरतो की काय असं वाटलं," तेव्हा तिच्या वडिलांना त्यात वेगळं काही ऐकू आलं नाही. मला 'की काय' ऐकू आलं. सगळा आजार त्या दोन शब्दांत असतो.

तिला सई म्हणू. दोन-तीन मुलींच्या गोष्टी एकत्र करून मी ही सई उभी केली आहे, त्यामुळे कुणी ओळखायच्या भानगडीत पडू नका. अकरावी सायन्स, सकाळी कॉलेज, दुपारी राजारामपुरीत क्लास. ऑगस्टमधली दमट दुपार, केएमटीच्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नाही. रात्री एक वाजता झोपलेली, सकाळपासून पोटात दोन कप चहा आणि दोन बिस्किटं. दसरा चौकाजवळ बस अडकली आणि एकाएकी छाती धडधडायला लागली. मग श्वास पुरेना, बोटांना मुंग्या, ओठ बधिर, समोरची माणसं काचेपलीकडे असल्यासारखी. ती मिळेल तिथे उतरली. वडिलांनी स्कूटरवरून थेट दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल आला. "काही नाही, टेन्शन घेऊ नको," असं सांगून घरी पाठवलं.

त्या 'काही नाही'नं पुढचे तीन महिने खाल्ले. काहीतरी तर झालं होतंच ना! ते काय, हे कुणी न सांगितल्यानं सईनं स्वतःच ठरवलं: हार्टमध्ये काहीतरी आहे, मशीनला सापडत नाही. आजीनं ठरवलं, गॅस. ओवा, सोडा, मीठ-मोहऱ्या उतरवणं, सगळं झालं. मग बस सुटली, कॉलेजच्या जिन्याऐवजी लिफ्ट आली, पीटीचा तास सुटला. क्लासमध्ये दाराजवळचा बाक, पिशवीत पाण्याची बाटली, फोनवर आईचा नंबर उघडून ठेवलेला. आणि अटॅक वाढले, आठवड्याला तीन.

अशा मुलांबरोबर आम्ही काय करतो ते पायरीपायरीनं सांगते. आईवडिलांनी वाचावं आणि मुलालाही वाचायला द्यावं, कारण त्याच्या पाठीमागे हे होत नाही.

आधी डॉक्टर, पण एकदाच

सराव सुरू करण्याआधी शरीर नीट तपासून घ्या. फॅमिली डॉक्टर, ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर. एवढं बहुतेकांना पुरतं. काही खुणा मात्र डॉक्टरांना न विसरता सांगायच्या: पळताना किंवा खेळताना मूल बेशुद्ध पडलं होतं का, श्रमानं छातीत दुखतं का, घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, श्वासात शिट्टीसारखा आवाज येतो का. आणखी एक खूण लोकांना माहीत नसते. धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होते, बसल्याजागी ठोके मिनिटाला १८०-२००च्या घरात जातात आणि तशीच एका क्षणात बंद पडते, असं असेल तर हृदयाच्या तालाचा तपास लागतो. घाबरल्यावरची धडधड सहसा चढत जाते आणि हळूहळू उतरते.

दमा, हृदयाचा आजार, फिट येणं, गरोदरपण, बराच अ‍ॅनिमिया, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, यातलं काही असेल तर खालचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नाहीत. काही व्यायाम बदलावे लागतात, काही गाळावे लागतात.

तपास झाला, डॉक्टरांनी ठीक म्हटलं, की तिथे थांबायचं. सईचे चार ईसीजी झाले होते. प्रत्येकानं दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी शंका यायची, 'तेव्हा नव्हतं, आता असेल तर?' नवी खूण नसताना केलेला पाचवा ईसीजी ही तपासणी राहत नाही, तो आजाराचा खुराक होतो.

शरीरात नेमकं काय होतं

मुलांना 'मन शांत ठेव' हे कळत नाही. यंत्र कसं चालतं ते लगेच कळतं. म्हणून पहिली पूर्ण भेट मी यातच घालवते, कागदावर चित्र काढून.

समोर धोका आहे असं मेंदूला वाटलं की अ‍ॅड्रेनलिन सुटतं. हृदय जोरात पंप करतं, कारण मांड्यांना आणि दंडांना रक्त हवं असतं. घाम येतो, अंग गार राहावं म्हणून. श्वास भरभर होतो. अंगावर कुत्रं धावून आलं तर हे सगळं उपयोगाचं. गडबड अशी की सईच्या बसमध्ये कुत्रं नव्हतं. होता उपाशीपणा, चहा, अपुरी झोप आणि उकाडा. या चौघांनी मिळून ठोके थोडे वाढवले. मेंदूनं विचारलं, 'धडधड कशाची?' बाहेर काही दिसेना, मग उत्तर आत शोधलं: 'हार्ट.' त्या उत्तरानं खरी भीती आली, भीतीनं आणखी अ‍ॅड्रेनलिन, आणि धडधड दुप्पट. साधारण दहा मिनिटांत हे शिखराला पोचतं, मग आपोआप उतरायला लागतं. ते चढतच राहू शकत नाही, शरीर स्वतःच त्याला आवर घालतं. मागे राहतो तो थकवा आणि थरथर, अर्धा-एक तास.

श्वासाची गोष्ट मात्र सावकाश समजून घ्या, कारण निम्मी लक्षणं तिथून येतात. 'हवा पुरत नाही' असं वाटतं तेव्हा खरं तर हवा जास्त होत असते. बसल्या किंवा उभ्या जागी भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं आणि आजूबाजूचं खोटं-खोटं वाटतं. रक्ताची आम्लता बदलून मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून बोटांत आणि ओठांभोवती मुंग्या येतात, कधी बोटं वाकडी होतात. ते पाहून घरचे हादरतात, "पोरीला अर्धांगवायू झाला!" श्वास नेहमीसारखा झाला की काही मिनिटांत बोटं सरळ होतात.

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत अजून पडून आहे. मी तो भेटीत एकदा वापरते. एक मिनिट भराभर श्वास घ्यायला लावते. मूल म्हणतं, गुदमरतंय. आकडा ९८-९९. एवढं दाखवून ऑक्सिमीटर पिशवीत परत. रोज लावायचा नाही, नाहीतर तोच नवा ईसीजी होतो.

आता सईची खरी भीती: 'चक्कर येऊन पडतो, लोक गोळा होतात.' बेशुद्ध पडायला रक्तदाब एकदम खाली यावा लागतो. पॅनिकमध्ये तो वर गेलेला असतो. म्हणून चक्कर *आल्यासारखी* वाटते, पण पडणं क्वचितच होतं. रक्त किंवा सुई बघून ज्यांना घेरी येते त्यांचं वेगळं, त्यांचा रक्तदाब खरंच पडतो. मी सईला विचारलं, "आजवर किती अटॅक आले?" मोजून पस्तीस-चाळीस. "किती वेळा पडलीस?" ती गप्प. मग म्हणाली, "एकदापण नाही. पण दरवेळी मी काहीतरी धरलं होतं."

म्हणजे ती वाचली, आणि श्रेय बसच्या दांड्याला गेलं.

दांडा सोडायचा, हा उपचार आहे

समजावल्यानं भीती थोडी उतरते, जात नाही. डोक्याला पटलेलं शरीराला पटायला अनुभव लागतो. म्हणून ज्या जाणिवांची भीती वाटते त्या मुद्दाम, पुन्हा पुन्हा, कशालाही न धरता अंगात आणायच्या. मानसशास्त्रात याला इंटरोसेप्टिव्ह एक्सपोजर म्हणतात. आमच्याकडची मुलं नुसतं 'सराव' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

पहिला सराव शक्यतो या कामाची सवय असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसमोर करावा. आधी चाचणी होते: कोणत्या व्यायामानं कोणती जाणीव येते, आणि ती अटॅकशी किती जुळते. एका वेळी एक व्यायाम, आणि प्रत्येकानंतर शून्य ते दहामध्ये तीन आकडे लिहायचे. जाणीव किती तीव्र, भीती किती, अटॅकसारखं किती.

श्वासासाठी: एक मिनिट भराभर आणि खोल श्वास, दोन सेकंदांना एक. ज्यूसच्या छोट्या पॅकबरोबर येते तसल्या बारीक नळीतून, नाक चिमटीत धरून, दोन मिनिटं श्वास. शहाळ्याची नळी चालत नाही, ती फार रुंद. धडधडीसाठी: एक मिनिट जागच्या जागी गुडघे उचलून पळणं, किंवा बैठका. तालमीच्या गावात बैठका शिकवाव्या लागत नाहीत. सईच्या चुलत्यांनी पहिल्याच दिवशी तिचा पाठीचा बाक सुधारला. चक्करसाठी: फिरत्या खुर्चीत एक मिनिट गिरक्या, किंवा तीस सेकंद डोकं गुडघ्यांत घालून झटकन वर. 'सगळं खोटं वाटतं' यासाठी: आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे दोन मिनिटं टक लावून बघणं. ऐकायला गंमत वाटते. करून पाहा, दीड मिनिटानं आपलाच चेहरा परका दिसायला लागतो.

भराभर श्वासाचा सराव पाण्यात किंवा पाण्याजवळ कधीच करायचा नाही, आणि त्यानंतर श्वास रोखून धरायचा नाही. पोहणाऱ्या मुलांना हे दोनदा सांगते. भराभर श्वास घेऊन बुडी मारली की श्वासाची इच्छा उशिरा होते आणि पाण्याखाली शुद्ध जाऊ शकते.

सईच्या चाचणीत पळण्याची भीती चार निघाली, नळीची पाच, गिरक्यांची सहा, भराभर श्वासाची नऊ. आरसा शून्य, ती हसायला लागली. तीनच्या खालचे सोडले आणि उरलेल्यांची खालून वर शिडी लावली.

वही

सरावाचा जीव वहीत आहे. नुसते व्यायाम केले तर तो पीटीचा तास होतो. प्रत्येक वेळी *आधी* लिहायचं: काय होईल असं वाटतं आणि त्याची खात्री किती टक्के. 'भीती वाटेल' असं लिहून चालत नाही, ती वाटणारच. घडलं की नाही हे दुसऱ्यालाही दिसेल असं काहीतरी हवं.

सईच्या वहीतलं भराभर श्वासाचं पहिलं पान असं होतं:

"१ मिनिट श्वास. मी चक्कर येऊन खाली पडतो. खात्री ८०. — झालं: चक्कर ८, मुंग्या ६, भीती ९. पडलो नाही. भिंतीला हात लावला."

मी 'भिंतीला हात लावला'खाली रेघ मारली आणि तिला खोलीच्या मधोमध उभं केलं, हाताला काही लागणार नाही अशा जागी. श्वासाचं मिनिट संपलं की लगेच बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, आणखी अर्धं मिनिट तशीच उभी राहा आणि जे होतंय ते होऊ दे. अर्धा मिनिट दम, पुन्हा. एका बैठकीत सहा वेळा.

"२. खात्री ८०. भिंत नाही. पडलो नाही. भीती ९."
"४. खात्री ५०. चक्कर ८. भीती ६."
"६. खात्री २५. चक्कर ८, भीती ४. बोअर व्हायला लागलंय."

हे आकडे नीट बघा. चक्कर आठची आठच राहिली. उतरली ती भीती आणि खात्री. पालक मला विचारतात, "मॅडम, इतके दिवस झाले, अजून चक्कर येतेच आहे." येणारच, भराभर श्वास घेतला की तुम्हालाही येईल. ती घालवायची नाहीच. ती आली तरी काही होत नाही, हे शरीरानं शिकायचं आहे.

घरी रोज एकदा, पंधरा-वीस मिनिटं, एकच व्यायाम, शिडीच्या ज्या पायरीवर असाल तो. खात्री पाच-दहा टक्क्यांवर आली आणि भीती दोनपर्यंत उतरली की शिडीची पुढची पायरी. सईला भराभर श्वासाला नऊ दिवस लागले. मध्ये एक दिवस आकडे परत वर गेले. आदल्या रात्री झोप झाली नव्हती. तसं होतं, वहीत लिहायचं आणि पुढे जायचं.

माझी एक चूक

सईला पहिल्याच आठवड्यात मी सावकाश श्वास शिकवला होता. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. हेतू चांगला. तिसऱ्या आठवड्यात ती आनंदानं सांगायला आली, "बसनं आलो!" मी विचारलं, कशी? तर पूर्ण वाट डोळे मिटून आकडे मोजत. आणि मग म्हणाली, "मोजायचं विसरलो असतो तर गेलो असतो."

दांडा गेला आणि त्या जागी मीच नवा दांडा दिला होता. सावकाश श्वास वाईट नाही, झोपताना करा, अभ्यासाआधी करा. पण सराव चालू असताना आणि अटॅक आल्यावर तो 'वाचवणारी' गोष्ट म्हणून वापरला तर शिकणं तिथेच थांबतं. आता मी तो सुरुवातीला शिकवत नाही. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय तर करूच नका. कारण दमा किंवा हृदयाचं निघालं तर तो घातक ठरू शकतो.

असे दांडे घरोघरी वेगळे असतात आणि ते शोधायला नजर लागते. पाण्याची बाटली, मनगटावरची नाडी, खिशातली पेपरमिंट, देवाच्या फोटोवर हात (देवाला नमस्कार वेगळा, सुटका म्हणून धरलेला फोटो वेगळा, आणि हा फरक मुलांना स्वतःला कळतो), सरावात कानात लावलेलं गाणं. काही मुलं व्यायामच अर्ध्या ताकदीनं करतात. वहीत तीव्रता सारखी दोन-तीन दिसली की समजायचं, श्वास लहान चाललाय. कुणी जाणीव चढतीला असतानाच थांबतं. ठरलेली वेळ पूर्ण करायची, त्यासाठी फोनचा टायमर लावा.

कधी लागली तर घे म्हणून दिलेली गोळी हाही दांडाच होतो, न घेता नुसती पिशवीत असली तरी. पण ती आपल्या मनानं काढून टाकू नका. रोजची औषधं चालू असतील तर तीही मध्येच बंद करायची नाहीत. सराव चालू आहे हे मानसोपचारतज्ज्ञांना सांगा आणि ते सांगतील तसं करा.

आईवडिलांचे हात

सईचे पप्पा घरच्या सरावाला तिच्या मागे उभे राहायचे, दोन्ही हात पसरून, विकेटकीपरसारखे. "पडली तर?" त्यांच्या हातांनी जे सांगितलं ते माझ्या दहा वाक्यांपेक्षा मोठ्यांदा ऐकू गेलं. मी त्यांना बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायला सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी पेपर उलटा धरला होता, असं सईनं नंतर हसत सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात ते दुकानात गेले आणि तिनं सराव एकटीनं केला. तोही वहीत वेगळा प्रयोग म्हणून: "पप्पा घरात नाहीत. खात्री ६०."

मूल दिवसातून दहा वेळा विचारतं, "मला काही होणार नाही ना?" तुम्ही म्हणता, "नाही गं बाळा, काही नाही होत." पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा तोच प्रश्न. याऐवजी: "तुला काय होईल असं वाटतंय? वहीत लिही, संध्याकाळी बघू खरं झालं का." पहिले दोन दिवस मूल चिडतं. आई निर्दयी झाली असं म्हणतं. आधीच दोघांत ठरवून ठेवा की हा प्रश्न आला की हेच उत्तर येणार, म्हणजे ते तोडून बोलणं वाटत नाही.

प्रत्यक्ष अटॅक आला तर धावपळ नको, पंखा नको, पाठ चोळणं नको. शेजारी बसा. एकच वाक्य: "हे तेच आहे, चढेल आणि उतरेल, मी इथे आहे." घड्याळ बघून दहा मिनिटं जाऊ द्या. उतरल्यावर जिथे निघाला होता तिथेच जा, उशीर झाला तरी. घरी परत फिरलात तर शरीर शिकतं की घर गाठलं म्हणून वाचलो.

घराबाहेर

खोलीतला सराव खोलीतच राहिला तर बस तशीच राहते. म्हणून चौथ्या आठवड्यापासून बाहेर.

सईचा पहिला टप्पा कॉलेजचा जिना होता. तीन मजले न थांबता चढायचे आणि धापा टाकतच वर्गात शिरायचं, मधल्या बाकावर बसायचं. दुसरा टप्पा मला सुचला नव्हता, तिच्या आजीनं सांगितला. पहिल्या अटॅकपासून पोरीनं तांबडा रस्सा सोडला होता, कारण तिखटानं कपाळाला घाम येतो, कान तापतात, छाती धडधडते. म्हणजे घरात दर रविवारी तयार व्यायाम शिजत होता. वहीत नोंद आली: "तांबडा, २ वाट्या, पांढरा न घेता. अटॅक येतो. खात्री ५५. — घाम ९, भीती ३. आला नाही. तिसरी वाटी घेतली."

शेवटी बस. आधी एकटीनं, दोन थांबे, बाटली घरी. मग पूर्ण वाट, गर्दीच्या वेळी, मागच्या बाजूला, दारापासून लांब. मग सगळ्यांत अवघड: थांब्यावर बाकाजवळ, रस्त्यापासून आत उभं राहून अर्धं मिनिट भराभर श्वास, आणि डोकं हलकं असतानाच बसमध्ये चढायचं. दोन भीत्या एकत्र आल्या आणि तरीही काही झालं नाही, तर ते शिकणं जास्त टिकतं. पहिल्या वेळी तिची खात्री ७० होती आणि बस यायला वीस मिनिटं लागली. चक्कर कधीच उतरून गेली होती. केएमटीनं सरावाचा विचका केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

एक बारीक गोष्ट: कधी दांडा धरायचा आणि कधी नाही? चालत्या बसमध्ये सगळेच धरतात, तो धरायचाच. थांबलेल्या बसमध्ये घट्ट धरलेला दांडा तेवढा सोडायचा. शेजारची बाई जे करेल ते, एवढं साधं माप मी मुलांना देते.

दोन-तीन महिन्यांत बहुतेक मुलं इथपर्यंत येतात. सराव नीट होऊनही भीती हलत नसेल तर वही घेऊन तज्ज्ञांकडे जा, कुठेतरी दांडा लपलेला असतो किंवा भाकीत चुकीचं लिहिलेलं असतं. काही वेळा मात्र हा रस्ताच थांबवावा लागतो. सरावात एखाद्या जुन्या वाईट प्रसंगाच्या आठवणी उसळून येत असतील, मूल सतत उदास असेल, खाणंपिणं सुटलं असेल, नशेचा संशय असेल, किंवा जगण्याला अर्थ नाही असं बोललं असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री कुणी सापडत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत सरकारी नंबरवर माणूस बोलतो. जिवाला इजा करून घेण्याचा धोका समोर दिसत असेल तर मुलाला एकटं न सोडता थेट हॉस्पिटल गाठा.

सईला सहा आठवडे काही झालं नाही आणि मग फेब्रुवारीत, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला, पूर्ण अटॅक आला. असं होणार हे मी आधीच सांगून ठेवते, कारण न सांगता आला तर मुलं म्हणतात सगळं पाण्यात गेलं. परीक्षा, जागरण, आजारपण यांत तो परत डोकावतो. म्हणून त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा सराव चालू ठेवायचा आणि सकाळी पोटात काहीतरी घालून बाहेर पडायचं. ती त्या दिवशी ब्युरेटसमोर उभी राहिली, हात थरथरत होता, त्यामुळे एक रीडिंग चुकलं. संध्याकाळी वहीचं पान फोटो काढून पाठवलं:

"पडतो, खात्री ३०. पडलो नाही. टायट्रेशन परत केलं. ११ मिनिटं."